धागा: वास्तुशांतीला 62 घरांना निमंत्रण, पक्का आकडा फक्त 21 घरांचा. बाकीच्यांना न दुखावता कसं विचारायचं?

नवंघर_जळगाव (गुरुवार, रात्री 9:40)

पुढच्या रविवारी जळगावला वास्तुशांती आहे. पूजा सकाळी 10 ला, जेवण दुपारी 12:30 पासून, बेत वरण-बट्टी, घोटलेली वांगी, भात आणि गोडाला बुंदी. आचारी सामानाच्या यादीवर करून देणार आहे, ताटावर नाही. पक्का आकडा त्याला पुढच्या गुरुवारी संध्याकाळी हवा.

निमंत्रण चूलबंद आहे. एकूण 62 घरं, सगळे आले तर 248 माणसं. आजची स्थिती:

21 घरांनी आकडा सांगितला, 83 माणसं.
6 घरांनी नाही म्हटलं.
17 घरं मोघम. "बघू", "जमलं तर येऊ", "घरचंच कार्य आहे", नुसता 👍.
18 घरांकडून काहीच नाही.

पत्रिकेचा फोटो व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवला होता, जवळच्यांना घरी जाऊनही दिली. आता परत विचारायला गेलं की "मोजून बोलावता का?" असं ऐकावं लागेल अशी घरच्यांना धास्ती आहे. कुठून सुरुवात करू?

स्वप्निल_धुळे (गुरुवार, रात्री 10:05)

एवढं डोकं कशाला लावता? सगळ्यांचा एक ग्रुप करा आणि पोल टाका. येणार, नाही, नक्की नाही. दोन दिवसांत आकडा हातात. पोलमध्ये 12 पर्यंत पर्याय देता येतात, म्हणजे 1 जण, 2 जण, 3 जण असंही टाकता येईल.

शहाद्याचा_पाहुणा (गुरुवार, रात्री 10:20)

वास्तुशांतीला रविवार आहे म्हणून तो दिवस धरू नका, आधी गुरुजींकडून मुहूर्त बघून घ्या. आमच्याकडे वास्तुपुरुषाच्या दिशेनुसार महिना ठरतो. खांब कुठल्या बाजूला आहे तेही लिहा.

नवंघर_जळगाव (गुरुवार, रात्री 10:26)

@शहाद्याचा_पाहुणा, मुहूर्त गुरुजींनीच काढून दिलाय, ते झालंय. माणसं मोजायचा प्रश्न आहे.

पंगतवाला (गुरुवार, रात्री 11:10)

पोल कॉलनीतल्या आणि ऑफिसच्या लोकांपुरता ठीक. नातेवाइकांत तो फसतो, कारण ग्रुपमध्ये घरातला एकच जण असतो आणि तो स्वतःपुरतं "येणार" दाबून मोकळा होतो. त्याच्या मागे बायको, दोन मुलं आणि आई आहे की तो एकटाच मोटारसायकलवर येणार आहे, हे पोलला कळत नाही. 1 जण, 2 जण असे पर्याय टाकले तरी मोठी माणसं चारचौघांत आकडा दाबत नाहीत. शिवाय भाऊबंदांत कोणी "नाही" दाबलं की ते सगळ्यांना दिसतं. त्यातून जे सुरू होतं ते निस्तरायला तुमच्याकडे दहा दिवस नाहीत.

आता तुमच्या 18 गप्प घरांकडे बघा. ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला असतो त्यांनाच पोहोचतो. गावाकडच्या बऱ्याच फोनमध्ये तुमचा जुना नंबर असतो, नाहीतर नंबर मुलाच्या फोनमध्ये असतो. म्हणजे या 18 मधल्या काही घरांना निमंत्रणच मिळालेलं नसेल. ब्रॉडकास्टमधला तो मेसेज दाबून धरा आणि मेसेज इन्फो उघडा. "पोहोचला" या यादीत ज्यांचं नाव नाही त्यांना स्मरणपत्र पाठवायचं नाही, कारण त्यांच्या लेखी तुम्ही बोलावलेलंच नाही. त्यांना नव्याने, फोन करून, माफी मागून निमंत्रण द्यायचं. पत्रिका न मिळालेल्या काकांना "अजून कळवलं नाहीत" असा मेसेज गेला तर ते येणारही नाहीत आणि चार ठिकाणी सांगतीलही.

ज्यांना पोहोचला आणि ज्यांनी उघडलाही, तेच खरे गप्प.

यावलची_लेक (शुक्रवार, सकाळी 7:15)

@नवंघर_जळगाव, पत्रिकेत शेवटी "आपली उपस्थिती प्रार्थनीय" एवढंच असेल तर लोकांनी उत्तर द्यायचं कशाला? आपल्या पत्रिकेत कळवा असं कुठे लिहिलेलं असतं? आपल्याकडे बोलावणं आलं की जायचं किंवा नाही जायचं, कळवायची पद्धत नाही. म्हणून गप्प राहणं हा अपमान नाही आणि नकारही नाही, हे आधी मनात पक्कं करा.

दुसरं म्हणजे "तुम्ही येणार आहात ना?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला कोणीही "हो हो, येऊ ना" म्हणतं, तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही. ज्याचं उत्तर आकड्यातच द्यावं लागेल असं विचारायचं. आणि विचारण्याचं कारण स्वतःवर न ठेवता आचाऱ्यावर टाकायचं. खोटं नाही ते, त्यालाच हवाय आकडा.

पंगतवाला (शुक्रवार, सकाळी 8:30)

ताईंचं बरोबर आहे, आणि वरण-बट्टीच्या बेतात कारण आयतं हाताशी आहे. बट्टीचं पीठ पोळीच्या पिठासारखं दुकानातून आणून चालत नाही. गहू जाडसर दळायचे, त्यात थोडा मका, आणि ते चक्कीवर आधी टाकावं लागतं. तुमच्या आचाऱ्याने गुरुवार का सांगितला असेल? शुक्रवारी दळण, शनिवारी वांगी आणि बाकी बाजार. हे खान्देशात कोणालाही सांगा, लगेच पटतं. "दळण टाकायचंय" म्हटलं की मोजून बोलावल्याचा वास राहत नाही.

गप्प घरांना वैयक्तिक मेसेज, ब्रॉडकास्ट नाही:

"राम राम काका. रविवारी वास्तुशांतीला तुमची सगळी चूल आमच्याकडेच आहे. बट्टीचं दळण शुक्रवारी टाकायचंय म्हणून आचारी माणसं विचारतोय. तुमच्या घरचे किती जण धरू? नुसता आकडा पाठवला तरी चालेल."

यात तीन गोष्टी मुद्दाम आहेत. आधी चूलबंद असल्याचं परत सांगितलंय, म्हणजे घरटी एक की सगळे हा घोळ राहत नाही. मग तारीख आणि तिचं कारण आहे. आणि उत्तर एका अक्षरात देता येतं. मोठं उत्तर लिहायचा कंटाळा हेच निम्म्या गप्प बसण्याचं कारण असतं.

एक वाक्य मात्र टाकू नका: "न कळवल्यास येणार नाही असं धरू." ऑफिसात चालतं, मामेसासऱ्यांना चालत नाही.

अण्णा_पारोळा (शुक्रवार, सकाळी 9:50)

ही काय नवी थेरं? वास्तूचं जेवण म्हणजे अन्नदान. 248 चा सरळ स्वयंपाक टाका, वर वीस टक्के जास्त. उरलं तर वाटून टाका. आपल्याकडे "जमनं ते येसूत" म्हणणारा माणूस दारात उभा राहतो तेव्हा त्याला ताट मिळालं पाहिजे, मग तुमचा कागद काय म्हणतो ते कोण बघतं?

पंगतवाला (शुक्रवार, दुपारी 1:20)

अण्णा, दारात आलेला उपाशी जाऊ नये हे मान्यच. पण बट्टीचा हिशेब करू. साधारण 100 माणसांना 13 किलो पीठ लागतं. 248 वर वीस टक्के म्हणजे जवळपास 300, म्हणजे 39 किलो. आले 180 तर 15 किलो पिठाच्या बट्ट्या उरल्या. दुपारी अडीच-तीनला त्या कुठे वाटणार? तळलेली बट्टी संध्याकाळपर्यंत कडक होते, आणि वांग्याची भाजी उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

जास्तीचं ठेवायचं ते कच्चं ठेवा. बट्टी ऐनवेळी वाढत नाही: पीठ मळा, उकडा, कापा, तळा, तास-दीड तास गेला. भात मात्र अर्ध्या तासात होतो. वरणात पाणी आणि फोडणी वाढवली की 15 माणसं सहज निघतात. पुरीचं पीठ दहा मिनिटांत मळून कढईत जातं. म्हणून बट्टी पक्क्या आकड्याला, आणि मोघम लोकांसाठी तांदूळ अन् पुरीची कणीक कोरडी बाजूला. कोणी उपाशी जात नाही आणि कोरडं उरलं तर ते घरातच लागतं.

अण्णा_पारोळा (शुक्रवार, दुपारी 2:05)

पुरी वाढली की बट्टीवाला पाहुणा तोंड वाकडं करतो. बाकी ठीक.

रावेरकर (शुक्रवार, दुपारी 3:30)

"बघू" या उत्तराबद्दल. सगळे त्याला नकार समजतात, ते चूक आहे. "बघू" म्हणणारा कशाची तरी वाट बघत असतो. कशाची, ते विचारा.

आमच्या पट्ट्यात केळीचं घ्या. कटाईचा दिवस व्यापारी ठरवतो, गाडी कधी लागेल ते आदल्या दिवशी कळतं. तो माणूस दहा दिवस आधी काय सांगणार? त्याला परत परत विचारून उपयोग नाही. पण "काका, तुमची गाडी लागली तर तुम्ही नका येऊ, काकू आणि मुलं तर येतील ना?" असं विचारलं की लगेच "हो, ते चार जण येतील" असं उत्तर मिळतं. पाचातले चार पक्के झाले, एक राहिला अधांतरी. असं घर फोडून विचारायला कोणी जात नाही, म्हणून पूर्ण घर मोघम राहतं.

तसंच रात्रपाळीची लाईट. ज्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची असते त्या आठवड्यात माणूस रात्रभर मोटारीवर असतो आणि सकाळी झोपलेला असतो. त्याला सकाळी 9 ला फोन करून "उचलला नाही" असं लिहू नका. दुपारी 4 नंतर करा.

यावलची_लेक (शुक्रवार, संध्याकाळी 6:00)

घर फोडून विचारण्याचं एकदम पटलं. त्यात भर घालते, फोन कोणी करायचा ते आधी ठरवा. माहेरच्या घरांना वहिनींनी, मामाकडच्यांना आईंनी, भाऊबंदांना वडिलांनी. मेसेज तुम्ही करा, पण फोन ज्याचं नातं त्याने. घरात किती जण येणार हे खरं तर बाईलाच माहीत असतं. पुरुष "येऊ ना" म्हणतो, बाई सांगते की मोठ्याची परीक्षा आहे, सासूबाईंचा गुडघा धरलाय, म्हणजे तिघंच.

आणि जावयाला आकडा विचारायचा नाही. लेकीला विचारायचा. जावयाला फक्त आग्रह करायचा, तोही वडीलधाऱ्याने, फोनवर.

दोंडाईचा_एक्सप्रेस (शुक्रवार, रात्री 8:45)

माझी अडचण वेगळी आहे. धुळ्याला फ्लॅटची वास्तुशांती आहे, पण जेवण संध्याकाळी 7 ते 10, बुफे, केटरर ताटावर पैसे घेणार. कमीत कमी 120 ताटांचे पैसे द्यावेच लागतील म्हणतोय, त्यावर जेवढी ताटं उठतील तेवढी. बिल्डिंगमधल्या 28 फ्लॅटना सांगितलंय. त्यांचं कसं मोजायचं? इथे तर चूल वगैरे काही नाही, निम्मे भाडेकरू आहेत.

पंगतवाला (शुक्रवार, रात्री 9:30)

@दोंडाईचा_एक्सप्रेस, तुमच्याकडे पोल चालेल, स्वप्निलरावांचं तिथे बरोबर आहे. ग्रुपवर "फ्लॅट नंबर आणि किती जण" असं लिहायला सांगा, पहिल्या दोन-तीन शेजाऱ्यांना आधी सांगून त्यांच्याकडून टाकून घ्या, मग बाकीचे टाकतात. कमीत कमी ताटं तुमच्या पक्क्या आकड्याच्या थोडी खाली बांधून घ्या, वर नाही, कारण न उठलेल्या ताटाचे पैसे परत मिळत नाहीत. पक्के 120 आले तर 105-110 ला बांधा, आणि "वर किती ताटांपर्यंत त्याच दरात देणार" हे कागदावर लिहून घ्या. तेवढं तो देत नसेल तर दुसरा केटरर.

@नवंघर_जळगाव, वहीत किंवा शीटमध्ये एका ओळीत एक चूल. एका आडनावाची तीन घरं एकाच वाड्यात असली तरी चुली वेगळ्या असतील तर ओळी तीन. नाहीतर मोठ्या भावाने "आम्ही पाच जण" म्हटलं की तुम्ही वाडा संपला समजता, आणि धाकट्या दोघांची माणसं तशीच राहतात. रकाने एवढेच: A चूल, B फोन कोण करणार, C घरात एकूण माणसं, D पक्का आकडा, E स्थिती, F कशात अडकलंय. 62 घरं म्हणजे ओळ 2 ते 63.

```
=SUM(D2:D63)
=SUMIFS(C2:C63,E2:E63,"मोघम")
```

पहिला आकडा आचाऱ्याचा, दुसरा कोरड्या सामानाचा. या दोन आकड्यांची बेरीज करायची नाही.

F रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात "केळीची गाडी", "सुरतहून तिकीट", "त्याच दिवशी लग्न" असं लिहिलं असेल तर पुढचा फोन कधी करायचा ते आपोआप कळतं. F रिकामा आणि E मध्ये मोघम, म्हणजे तुम्ही नीट विचारलेलंच नाही.

नवंघर_जळगाव (शुक्रवार, रात्री 10:15)

मेसेज इन्फो बघितलं. 18 पैकी 4 घरांना पत्रिका पोहोचलीच नव्हती. उद्या वडील फोन करतील. बाकी 14 जणांना उद्या सकाळी तो मेसेज पाठवतो. मोघम 17 जणांना लगेच फोन करू का?

पंगतवाला (शुक्रवार, रात्री 10:40)

नाही, सोमवारी संध्याकाळी करा. शनिवार-रविवारी ही माणसं स्वतःच दुसऱ्या कार्यात असतात, आणि रविवारच्या त्या कार्यात तुमचेच नातेवाईक एकमेकांना भेटून "तू जाणार का" ठरवतात. सोमवारी त्यांचं ठरलेलं असतं.

फोनवर "येताय का" ने सुरुवात नको. "पूजेला 10 ला येताय की थेट जेवणाला?" असं विचारा. जो वेळ सांगतो तो येतोय. मग "म्हणजे तुम्ही, काकू आणि दोघी मुली, चार ताटं धरतो" असं आपण मोठ्याने म्हणायचं. आकडा चुकला तर तेच दुरुस्त करतात, आणि चुकलेला आकडा दुरुस्त करायला कोणालाच अवघड वाटत नाही. बाहेरगावच्यांना मुक्कामाचं विचारा: "शनिवारी रात्री किती अंथरुणं टाकू?" अंथरुणाचा आकडा नेमका येतो.

फोन झाल्यावर लगेच मेसेज: "4 जण धरले, रविवारी वाट बघतो." फोनवर बोललेलं दोन दिवसांत विसरलं जातं, लिहिलेलं बदललं तर माणूस सहसा कळवतो.

स्वप्निल_धुळे (शनिवार, सकाळी 10:10)

"प्रयत्न करतो" म्हणजे नाही, हे तरी नक्की ना? शंभर टक्के.

रावेरकर (शनिवार, सकाळी 10:35)

ऑफिसच्या माणसाकडून आलं तर बहुतेक नाहीच. "हार्दिक शुभेच्छा" आणि 🙏 एवढंच आलं तरीही तेच. पण गावाकडचा म्हातारा माणूस प्रयत्न करतो म्हणाला तर गाडी कोण नेणार ते ठरलेलं नसतं, एवढाच अर्थ. त्याच्या गावाहून दुसरं कोणी चारचाकी घेऊन येतंय का बघा आणि त्यांची गाठ घालून द्या. एरंडोलहून एक गाडी येत असेल तर तीन घरांचं मोघम तिथेच संपतं. गाडीत जागा किती तोच आकडा.

स्वप्निल_धुळे (शनिवार, सकाळी 10:50)

हे बरं आहे, गाडीच्या सीटा मोजायच्या.

नवंघर_जळगाव (बुधवार, रात्री 9:20)

आजपर्यंतचं सांगतो.

पत्रिका न पोहोचलेली 4 घरं: 3 येणार, 11 माणसं. एक नाही.
मेसेज पाठवलेली 14: त्यातल्या 6 घरांचं उत्तर आलं, 5 घरं येणार, 19 माणसं, एक नाही. उरलेल्या 8 ना फोन केला, 5 येणार, 18 माणसं, 2 नाही. एक सुरतचं घर आहे, 4 माणसं, फोन लागत नाही.
मोघम 17: 10 घरांनी आकडा दिला, 34 माणसं. 3 नाही. 4 घरं अजून मोघमच, त्यांची 15 माणसं.

म्हणजे पक्के 83 + 34 + 48 = 165. राहिली 5 घरं, 19 माणसं. 13 घरं येणार नाहीत.

आचाऱ्याला 165 सांगू की 184?

पंगतवाला (बुधवार, रात्री 10:00)

दोन्ही नाही. आधी सांगा, 165 मध्ये पाच वर्षांखालची मुलं किती, पाच ते दहामधली किती? घरचे तुम्ही स्वतः धरले आहेत का? गुरुजी, वाढपी, मंडपवाले?

नवंघर_जळगाव (बुधवार, रात्री 10:25)

पाचखालची 16, पाच ते दहा 14. घरचे 7 यात नाहीत. गुरुजी 2, वाढपी 10, आचाऱ्याची माणसं 5, मंडप आणि लाईटवाले 3.

पंगतवाला (बुधवार, रात्री 10:50)

पाचखालची मुलं आईच्या ताटात जेवतात, 16 वजा. पाच ते दहाची अर्धी, 7 वजा. राहिले 142. घरचे 7 आणि काम करणारे 20 मिळवा, 169. राहिलेल्या 19 चे निम्मे, 10 धरा, 179. आचाऱ्याला 180 सांगा.

180 ला बट्टीचं पीठ 24 किलो, तूरडाळ 11, वांगी 22, तांदूळ 9 किलो. तुमच्या आचाऱ्याचं प्रमाण थोडं वेगळं असेल तर त्याचं ऐका, हात त्याचा आहे. त्याशिवाय तांदूळ 3 किलो आणि कणीक 3 किलो वेगळ्या पिशवीत, न उघडता. 12:30 ला पहिली पंगत बसली की दारातल्या चपला मोजायची गरज नाही, दुसऱ्या पंगतीला वाढप्याला विचारा किती बट्टी गेली. निम्म्याहून जास्त गेली असेल आणि माणसं अजून येत असतील तर तेव्हाच पुरीचं पीठ मळायला सांगा. तिसऱ्या पंगतीला सांगून उशीर होतो.

अण्णा_पारोळा (बुधवार, रात्री 11:05)

निम्मे का धरता? मोघमवाले चारातले तीन येतातच, मी सांगतो. 19 चे 15 धरा.

रावेरकर (बुधवार, रात्री 11:20)

अण्णा, "पक्के" म्हणालेल्यांतलेही काही येत नाहीत, ते कुठे धरलेत? एका बाजूचं जास्त, दुसऱ्या बाजूचं कमी, म्हणून निम्मे ठीक आहे.

अण्णा_पारोळा (बुधवार, रात्री 11:25)

आणि न बोलावलेले शेजारी? ते कोणत्या रकान्यात?

यावलची_लेक (गुरुवार, सकाळी 6:50)

मोघम राहिलेल्या चार घरांना आज परत फोन करू नका. दोनदा विचारून झालंय, तिसऱ्यांदा विचारलं की ते तगादा होतो. त्यांची नावं पुरीच्या पिशवीवर. रविवारी सकाळी 9 ला फक्त "निघालात का?" एवढा मेसेज टाका.

पंगतवाला (गुरुवार, सकाळी 8:10)

ताई, इथे माझं थोडं वेगळं आहे. चारपैकी ज्या घराची माणसं सहा-सात आहेत त्या एका घराला आज फोन करावा, बाकी तिघांना नाही. एका घराने आकडा सहाने हलत असेल तर तगाद्याचं पाप घ्यायला हरकत नाही.

यावलची_लेक (गुरुवार, सकाळी 8:25)

करा, पण मग तो फोन वडिलांनी, आणि "किती जण" हे शब्द न वापरता.

नवंघर_जळगाव (गुरुवार, दुपारी 12:40)

ते 7 माणसांचं घर आहे, चोपड्याचं. वडिलांनी फोन केला, "शनिवारी रात्री येताय की रविवारी सकाळी, अंथरुणं काढून ठेवतो" असं विचारलं. शनिवारी येतायत, पण पाच जण. दोघं कापूस बघायला थांबणार. म्हणजे पक्के 5, मोघममध्ये राहिले 12. त्या पाचांत दहा वर्षांखालचं कोणी नाही. 169 + 5 + 6 = 180. आकडा तोच राहिला. गहू आत्ता चक्कीवर बोलून ठेवतो, उद्या सकाळी टाकायचे.

सुरतच्या घराचं काय करू, फोन अजून लागत नाही?

रावेरकर (गुरुवार, दुपारी 1:05)

सुरतहून येणाऱ्याचं ठरतं ते तिकिटावर. त्यांना फोन लागत नसेल तर उधन्याला त्यांचं जे दुसरं घर आहे, त्यांच्या शेजाऱ्याला, कोणाला तरी विचारा की रविवारचं येण्याचं तिकीट काढलंय का. तिकीट नसेल तर जनरल डब्यात चार माणसं घेऊन येणारा फारसा कोणी नाही. बसने येणार असतील तर मात्र शनिवार रात्रीपर्यंत काही कळणार नाही.

शहाद्याचा_पाहुणा (गुरुवार, दुपारी 1:30)

बुंदी किती धरली? ते कोणीच लिहिलं नाही.

पंगतवाला (गुरुवार, दुपारी 2:00)

बुंदी पाचखालच्या मुलांनाही मोजून धरा, तिथे वजा करू नका. बट्टी ती आईच्या ताटातली खातात, पण बुंदी तिच्या ताटातलीही खातात आणि स्वतःचीही मागतात.